सैंधवाच्या खड्यावरून अॅव्होगॅड्रो: माझं उत्तर ६.१७ येतंय, चूक कुठे शोधू?

शेंगाचटणी
मंडळी, मी सोलापुरात अकरावी-बारावीला रसायन शिकवते. "मोलमध्ये इतके कण असतात हे मोजलं कुणी?" असं यंदा एका मुलाने विचारलं आणि वर्गात सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. म्हटलं, करूनच दाखवू.

हिशोब सगळ्यांना माहीत आहे. मिठाच्या एका घनाकृती पेशीत NaCl च्या चार जोड्या बसतात. त्या पेशीचं वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता. तेच उलटं फिरवलं की

```
N = 4M / (ρ a³)
```

N म्हणजे अॅव्होगॅड्रोचा आकडा, ρ म्हणजे घनता, M म्हणजे एक मोल मिठाचं वस्तुमान, ५८.४४ ग्रॅम. a, म्हणजे पेशीची बाजू, पुस्तकातून घेतली: ५.६४० अँगस्ट्रॉम. तिचा घन १.७९४ × १०^-२२ घन सेंमी. राहिली घनता, ती मी मोजायची ठरवली.

काष्ठौषधीच्या दुकानातून सैंधवाचे ढेकळासारखे खडे आणले, त्यातले पांढरे पारदर्शक तेवढे निवडले आणि सुरीची धार ठेवून हलकं ठोकलं. छान चौकोनी तुकडे पडतात. मीठ पाण्यात विरघळणार म्हणून रॉकेल घेतलं (ते मिळवण्यातच दोन दिवस गेले). २५ मिलीची घनतेची बाटली, तिसऱ्या दशांशापर्यंत दाखवणारा काटा. वजनं अशी:

रिकामी बाटली १७.८६२ ग्रॅम
नुसतं रॉकेल काठोकाठ ३७.७३७
रिकाम्या बाटलीत खडे २८.४१६
खडे टाकून वर रॉकेल काठोकाठ ४४.३२०

म्हणजे मीठ १०.५५४ ग्रॅम. बाटलीभर रॉकेल १९.८७५, खड्यांसोबत मावलेलं रॉकेल १५.९०४, फरक ३.९७१. रॉकेलची घनता ०.७९५ धरली तर खड्यांचं आकारमान ४.९९५ मिली, आणि मिठाची घनता २.११३. पुस्तकात २.१६५ आहे. N आला ६.१७ × १०^२३, म्हणजे अडीच टक्के जास्त. हवेचे बुडबुडे असतील म्हणून बाटली भरपूर ठोकली होती. आणखी काय चुकलं असेल?

उपासाचीमिसळ
ताई, सैंधव घेताना गुलाबी घ्या, पांढऱ्यात भेसळ असते असं आमच्या सासूबाई म्हणतात. मी दर चतुर्थीला तेच वापरते. बीपी असलेल्यांना चालतं का ते मात्र कुणी सांगेल का?

शेंगाचटणी
अहो, मी खायला नाही, वजन करायला आणलंय. 😄 बीपीचं डॉक्टरांनाच विचारा, तेही सोडियम क्लोराइडच आहे.

बारावी_ब
मॅडम, तो प्रश्न विचारणारा मीच! मला वाटतं हा शॉट्की दोष असणार. जागा रिकाम्या राहिल्या की घनता कमी होते असं पुस्तकात आहे. आणि अजून एक, पेशीत आयन तर आठ आहेत, मग आपण चारनेच का गुणतो?

शेंगाचटणी
बाळा, तुला उद्या वर्गात गाठते. आठने गुणायचं असेल तर खुशाल गुण, पण मग एका आयनाचं सरासरी वस्तुमान घ्यायला लागेल, ते २९.२२. आठ गुणिले २९.२२ काय आणि चार गुणिले ५८.४४ काय. आठ आणि ५८.४४ एकत्र घेतलेस की उत्तर दुप्पट येतं. परीक्षेत दरवर्षी दहाजण तेच करतात.

जुनास्फटिक
शॉट्कीचं मी सांगतो. त्याच पुस्तकात पुढच्याच ओळींत असेल बघ, खोलीच्या तापमानाला मिठात दर घन सेंटिमीटरला साधारण १०^६ जोड्या गायब असतात आणि आयन १०^२२ च्या घरात. दहा हजार लाख कोटींमागे एखादा. त्याने घनतेचा सोळावा अंक हलेल, दुसरा नाही. दोष खरा आहे, पण गुन्हेगार तो नाही.

मॅडम, मला एवढंच सांगा, चारही वजनं एकाच वेळी केलीत का? आणि तेव्हा खोलीत किती उष्मा होता?

शेंगाचटणी
नाही. रिकामी बाटली आणि नुसत्या रॉकेलचं वजन सकाळी साडेआठला झालं, थर्मामीटर २९ दाखवत होता. मग बाटली पुसून वाळवली, तास घेतले, आणि मिठाची वजनं दुपारी अडीचला केली. प्रयोगशाळेला वर पत्रे आहेत. ३५ होतं. पण मिठाचं प्रसरण सहा अंशांना असं किती होणार?

जुनास्फटिक
मिठाचं नगण्यच. एका अंशाला आकारमान दहा हजारात सव्वा भाग वाढतं, सहा अंशांना हजारात पाऊण भाग. पण रॉकेलचं बघा. ते अंशामागे दहा हजारात नऊ भाग फुगतं, म्हणजे मिठाच्या सातपट. सहा अंशांत अर्धा टक्का हलकं झालं.

आता तुम्ही म्हणाल अर्ध्या टक्क्याने अडीच टक्के कसे होतील. इथेच गंमत आहे. खड्यांसोबत तुमच्या बाटलीत जवळपास १६ ग्रॅम रॉकेल होतं. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ०.०८६ ग्रॅम. दुपारी तेवढं रॉकेल कमी मावलं, आणि वजाबाकीत ते खड्यांनी बाहेर ढकललं असं तुम्ही धरलंत. खरा ढकललेला भाग फक्त पावणेचार-चार ग्रॅम. त्यात ०.०८६ म्हणजे सव्वादोन टक्के. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा काढला की मोठ्यांची बारीकशी चूक लहानाच्या डोक्यावर बसते.

३.९७१ मधून ०.०८६ काढा, ३.८८५ उरतात. घनता २.१६ येते. तुमची अडीच टक्क्यांची बहुतेक चूक सोलापूरच्या दुपारने केलेली आहे.

शेंगाचटणी
अरे देवा. मी आठवडाभर बुडबुड्यांना शिव्या घालत होते.

टॉवेलवाला
आमी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल रंगवतो. रोज मिठाच्या गोण्या फोडायलाव, पण असलं गणित कुणी दाखवलं नव्हतं बगा. एक सांगू का? रॉकेल कशाला शोधायलाव? मिठाचंच घट्ट पाणी करा. आणखी मीठ विरघळेना झालं की त्यात खडा टाकला तर तो हाय तसाच राहतो. आमच्याकडं बाथचं मीठ बोम मीटरवर बघतो, ते पाणी भरपूर जड असतंय. वास नाही, आगीची भीती नाही.

जुनास्फटिक
टॉवेलवाले, सूचना उत्तम आहे. संपृक्त मिठवणीची घनता १.२० च्या आसपास, आणि उष्म्याने ती रॉकेलच्या निम्मीच फुगते. शिवाय जड असल्यामुळे ढकललेल्या द्रवाचं वजन मोठं मिळतं, काट्याची चूक झाकली जाते. फक्त एक पथ्य पाळा. द्रावण ज्या तापमानाला संपृक्त केलं त्याच तापमानाला मोजायचं. दुपारी तापलं तर ते खड्याची कड थोडी खाणार, गार झालं तर खड्यावर नवं मीठ बसवणार. मिठाची विद्राव्यता उष्म्याने फारशी बदलत नाही हे आपलं नशीब. साखरेने हा खेळ जमला नसता.

चक्रव्यूह
उत्साहावर पाणी घालतोय त्याबद्दल माफ करा, पण हा सगळा प्रकार गोल फिरून तिथेच येतो. तुम्ही a पुस्तकातून घेतलात. तो कुठून आला? ब्रॅगने N वापरूनच काढला! क्ष-किरणांचा कोन मोजला तरी कळतं फक्त तरंगलांबी आणि थरांमधलं अंतर यांचं गुणोत्तर. १९१३ मध्ये दोन्हींपैकी एकही ठाऊक नव्हतं. मग मिठाची घनता, रेणुभार आणि N घेऊन अंतर काढलं, त्यावरून तरंगलांबी. त्याच तरंगलांबीने पुढच्या सगळ्या स्फटिकांचे a. आता तुम्ही a वापरून N काढताय. खिशातलं नाणं टोपीतून काढून दाखवण्यासारखं आहे. मुलांना हे "मोजलं" म्हणून सांगू नका.

शेंगाचटणी
हे खरं असेल तर मी उद्या वर्गात काय तोंड दाखवू? @जुनास्फटिक काका?

जुनास्फटिक
चक्रव्यूहांनी १९१३ चं चित्र बिनचूक काढलंय. फक्त ते तिथेच थांबले. पुढची पंधरा-वीस वर्षं जास्त रंगतदार आहेत.

ब्रॅग पितापुत्रांना N हवा होता तो मिळाला मिलिकनच्या तेलाच्या थेंबातून. एक मोल एकसंयुजी धातू विद्युतविच्छेदनाने बसवायला किती विद्युतभार लागतो हे आधीपासून नीट माहीत होतं. त्याला एका इलेक्ट्रॉनच्या भाराने भागलं की N. मिलिकनचा १९१७ चा आकडा होता ६.०६२ × १०^२३. हा घालून मिठाच्या थरांमधलं अंतर, म्हणजे a चा अर्धा, २.८१४ अँगस्ट्रॉम येतो. सीगबानने क्ष-किरण वर्णपटासाठी हाच २.८१४ आधाराला धरला. इथपर्यंत वर्तुळच आहे, मान्य.

वर्तुळ फुटलं १९२५ मध्ये. कॉम्प्टन आणि डोन यांनी साध्या रेघा ओढलेल्या जाळीवर, जी दृश्य प्रकाशासाठी वापरतात तिच्यावर, क्ष-किरण अगदी घासून जातील असे तिरपे सोडले. इतक्या तिरक्या कोनात रेघा किरणांना दाट भासतात आणि विवर्तन दिसतं. रेघांमधलं अंतर सूक्ष्मदर्शकाने मोजता येतं. त्यात स्फटिक नाही, घनता नाही, N नाही. तरंगलांबी थेट हाती आली. पुढे बेअर्डन वगैरेंनी ती अचूक केली, आणि ती स्फटिकावरून काढलेल्या तरंगलांबीपेक्षा हजारात दोन भाग जास्त निघाली.

हजारात दोन म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण a चा घन होतो, म्हणजे हजारात सहा. नव्या हिशोबाने मिठाचे थर २.८२० वर गेले आणि N ६.०६ वरून ६.०२ वर उतरला. आता एक तर स्फटिक खोटे किंवा मिलिकन खोटा. बरीच वर्षं लोक स्फटिकांवरच संशय घेत होते, की आत बारीक भेगा असतील, घनता फसवत असेल. अखेर चूक सापडली थेंबाच्या प्रयोगात, आणि तीही मिलिकनच्या हातात नाही तर हवेत. थेंब किती वेगाने पडतो त्यावरून भार काढताना हवेची श्यानता लागते. ती त्याने घेतलेल्या आकड्यात जवळपास अर्धा टक्का कमी होती. भार श्यानतेच्या दीड घाताने बदलतो, त्यामुळे तीच चूक सहा-हजारांश झाली.

तेव्हा चक्रव्यूह, नाणं टोपीतूनच निघालं, पण ते खिशात घातलेलं नव्हतं. घातलं ६.०६, निघालं ६.०२.

चक्रव्यूह
कबूल. हे मला ठाऊक नव्हतं. पण माझा मुद्दा अजून पूर्ण मेलेला नाही. मॅडमच्या पुस्तकातला ५.६४० त्या जाळीवरून आलाय की आणखी कुठल्या वाटेने?

जुनास्फटिक
आज त्याची वाट सिलिकॉनमधून जाते. १९६५ मध्ये बोन्स आणि हार्ट यांनी सिलिकॉनच्या एकसंध स्फटिकातून क्ष-किरण व्यतिकरणमापी केला. त्याचा एक पातळ काप सरकवायचा. दर थरामागे क्ष-किरणांची एक लाट मोजायची आणि किती सरकला ते प्रकाशाच्या तरंगलांबीने मोजायचं. थरांमधलं अंतर सरळ मीटरशी बांधलं जातं. त्यावरून तांब्याच्या नळीची १.५४०६ अँगस्ट्रॉम ही तरंगलांबी पक्की, आणि त्यावरून मिठाचा a. यात कुठेही N नाही. M मध्येही नाही. ५८.४४ हा अणुभारांच्या तुलनेतून येतो, कण मोजून नाही.

पावडरवाली
a वर बोलणं चाललंय म्हणून माझी फजिती सांगते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी गाइडनी मिठाचीच पावडर क्ष-किरण विवर्तनाच्या मशीनवर लावायला सांगितली. सगळ्यात उंच शिखर ३१.७ अंशांना यायला हवं, माझं आलं ३१.६ ला. मी आनंदाने a काढला, ५.६५८. घन केला, पुस्तकातली घनता घातली, N आला ५.९६. शून्य पॉइंट एक अंशाने एक टक्का खाल्ला!

चूक फालतू होती. पावडर होल्डरच्या खळग्यात थोडी खाली दबली होती, पाव मिलिमीटरसुद्धा नाही. मशीन समजतं की नमुना काठाच्या पातळीत आहे, त्यामुळे सगळी शिखरं लहान कोनाकडे सरकतात. ओळखायची खूण अशी की प्रत्येक शिखरावरून वेगळा a निघतो, आणि कोन वाढेल तसा तो उतरत जातो. खरा a सगळ्या शिखरांना एकच यायला हवा. तेव्हापासून मी मोठ्या कोनाची शिखरं बघितल्याशिवाय a लिहीत नाही. शेंगाचटणी, कधी मशीनवर नंबर लागला तर काचेची पट्टी काठावरून फिरवून पावडर सपाट करून घ्या.

शेंगाचटणी
अपडेट. काल रविवारी शांतपणे सगळं परत केलं. माठातलं पाणी बादलीत ओतून बाटली मानेपर्यंत त्यात ठेवली आणि थर्मामीटर २९ वर स्थिर होईपर्यंत थांबले. सगळी वजनं त्याच तापमानाला. नवे खडे १०.२१२ ग्रॅम, ढकललेलं रॉकेल ३.७७४, घनता २.१५१. N = ६.०६.

म्हणजे माझं उत्तर मिलिकनच्या १९१७ च्या उत्तराशी जुळलं! कारणाचा काडीचा संबंध नसताना. मुलांना हे सांगितलं तर ती म्हणतील मॅडमचा प्रयोग बरोबर, पुस्तक चूक.

जुनास्फटिक
हा हा. योगायोगाला फ्रेम करून ठेवा. पण अजून सात-हजारांश घनता कमी आहे. टप्प्यात आलात, आता उरलेलं शोधू. तुमचे खडे तव्यावर टाकले तर तडतडतात का?

शेंगाचटणी
तडतडणारच की. दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्या निखाऱ्यावर टाकतो तेव्हा तडतडतं, तसं. का?

जुनास्फटिक
त्या तडतडण्यात तुमचं उत्तर असू शकेल. स्फटिक वाढताना त्याच्या पोटात मिठवणीचे बारीक थेंब अडकून राहतात. तापवलं की आतलं पाणी वाफ होऊन खडा फोडतं, तोच आवाज. खडा उजेडात धरून भिंगातून बघा, ढगाळ भाग दिसेल, कधी चौकोनी पोकळ्याही दिसतात. मिठाची घनता २.१६५, थेंबाची १.२०. आकारमानाचा एक टक्का थेंब असतील तर घनता साडेचार-हजारांश उतरते. वाळवून हे पाणी जात नाही, कारण त्याला बाहेर यायला वाट नाही. फोडायलाच लागतं.

टॉवेलवाला
बगा की, आणि लोक म्हणतात नजर लागली म्हणून तडतडलं.

उपासाचीमिसळ
लागलेली असते म्हणूनच तडतडतं. न तडतडता नुसती जळाली तर दृष्ट नव्हती. आमच्याकडे अनुभव आहे.

जुनास्फटिक
वहिनी, त्या दिवशीचं मीठ बारीक कुटलेलं असेल. थेंब आधीच फुटलेले. 🙂

शेंगाचटणी
तिसरा प्रयत्न. नवे खडे (रॉकेल न लागलेले, कोरडे, हे मुद्दाम लिहिते, कुणी रॉकेलात भिजलेले तव्यावर टाकू नका) जाडसर फोडले, लोखंडी तव्यावर झाकण ठेवून मोठ्या आचेवर आवाज थांबेपर्यंत भाजले. अर्धा तास गेला. गार होताना हवेतला दमटपणा धरू नये म्हणून लगेच घट्ट डब्यात. मग बाटलीत ९.८७६ ग्रॅम घेतले, रॉकेल आधी अर्धंच ओतलं, बाटली तिरपी करून सुईने ढवळली, बुडबुडे निघाल्यावर काठोकाठ भरली. ढकललेलं रॉकेल ३.६३५. घनता २.१६०. N = ६.०३ × १०^२३.

६.१७, ६.०६, ६.०३. फळ्यावर तिन्ही लिहून ठेवलेत.

पावडरवाली
मस्त! पण सुधारणा भाजल्याने झाली की सुईने ढवळल्याने? या वेळी तुम्ही दोन्ही एकदम बदललंत. ४.७ मिलीत ०.०२ मिलीचा एक बुडबुडा राहिला तरी चार-हजारांश जातात, तुमची सुधारणा तेवढीच आहे.

शेंगाचटणी
अर्र. हे सुचलंच नाही.

जुनास्फटिक
पावडरवालींचा मुद्दा रास्त आहे. माझा कौल थेंबांच्या बाजूने आहे, पण पुरावा नाही. न भाजलेले खडे सुईने ढवळून एकदा करा. घनता २.१५१ लाच राहिली तर थेंब, २.१६० ला चढली तर बुडबुडे. आणि एकच खडा भाजण्याआधी आणि नंतर तोलून बघा, पाणी किती गेलं ते सरळ कळेल. तडतडून तुकडे उडतात म्हणून झाकणासकट तोला.

चक्रव्यूह
मला वेगळीच गोष्ट खटकते. २०१९ पासून N हा ६.०२२१४०७६ × १०^२३ असा ठरवूनच टाकलाय, त्यात चूक उरलेलीच नाही. सिलिकॉनच्या एक किलोच्या गोळ्यावर याच सूत्राने मोजणी केली, फक्त तिथे पेशीत चारऐवजी आठ अणू, आणि मग आकडा गोठवला. तर आता मॅडम मोजतायत ते N नाहीच. त्या मोजतायत त्यांच्या खड्यांत किती पाणी आणि हवा आहे ते.

जुनास्फटिक
व्याख्येच्या अंगाने तुमचं बरोबर. पण बारावी_ब ने विचारलं होतं "मोजलं कुणी". त्याला ठरवलेला आकडा दाखवून काय मिळणार? मला वाटतं उत्तर माहीत नसल्यासारखं मोजणं हेच इथे मोजणं आहे. यावर तुमचं-माझं जमेल असं दिसत नाही.

बारावी_ब
मॅडम, सुईवाला प्रयोग मी करू का? आणि न भाजलेले खडे राहिलेत का?

शेंगाचटणी
राहिलेत, दोन मोठे. शनिवारी सकाळी सातला ये, ऊन चढायच्या आत. आणि तवा तुझ्या घरून आण. माझ्या सासूबाई परवापासून विचारतायत, एवढं मीठ जाळून कुणाची दृष्ट काढलीस म्हणून.